बाजार कोसळतो तेव्हा येन का वधारतो? घबराटीतली चलने वाचण्याची पद्धत

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुभट्ट्या हाताबाहेर गेल्या. पुढच्या सोमवार-मंगळवारी जपानी शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक मिळून सुमारे १६ टक्के घसरला. अशा देशाचे चलन कोसळेल असेच कोणालाही वाटेल. झाले उलटेच. भूकंपाआधी एका डॉलरला ८३ येनच्या आसपास मिळत होते, १७ मार्चला हा भाव ७६.२५ पर्यंत आला. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर येन इतका महाग कधीच झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी जी-७ देशांना एकत्र येऊन येन विकावा लागला, तेव्हा कुठे हा वेग थांबला.

"सेफ हेवन" किंवा सुरक्षित चलन हा शब्द ऐकला की आपण त्या देशाच्या सुरक्षिततेचा विचार करू लागतो. या एका गैरसमजामुळे पुढचे सगळे गणित चुकते. घबराटीत एखादे चलन वधारते ते मुख्यतः दोन कारणांनी. ते चलन कर्जाऊ घेतलेल्यांना ते घाईने परत विकत घ्यावे लागते, हे एक. त्या देशातल्या लोकांचा बाहेर गुंतवलेला पैसा मायदेशी परतू लागतो, किंवा परतेल अशी बाजाराला अपेक्षा वाटते, हे दुसरे. २०११ मध्ये जपानी विमा कंपन्या नुकसानभरपाईसाठी परदेशी रोखे विकून पैसे घरी आणतील, असा अंदाज बाजाराने बांधला आणि तो खरा ठरण्याची वाट न पाहता येन विकत घेतला. म्हणून घबराटीच्या दिवशी पहिला प्रश्न "कोणता देश सुरक्षित?" हा नसतो. "कर्ज कोणत्या चलनात आहे?" हा असतो.

हा लेख मी येनभोवती ठेवला आहे, कारण यंत्रणा तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. स्विस फ्रँक आणि डॉलर ओघात येतील.

पायरी १: भाव कोणत्या बाजूने वाचायचा

पडद्यावर USDJPY असे लिहिलेले असते. तो आकडा म्हणजे एका डॉलरला किती येन. आकडा १६० वरून १४५ वर आला, तर डॉलर स्वस्त झाला आणि येन वधारला. बातमीत "येन १४५ वर आला" असे वाचून येन पडला असे समजणारे बरेच भेटतात. आलेख खाली गेला म्हणजे येन मजबूत, एवढे पक्के केल्याशिवाय पुढे जाऊ नये. रुपयाच्या बाबतीत USDINR वाढला की रुपया कमजोर, हे आपल्याला सवयीने कळते. तोच नियम इथेही आहे.

पायरी २: उसने कोणी घेतले आहे ते शोधा

जपानमध्ये अनेक वर्षे व्याजदर शून्याच्या आसपास होते. २०१६ पासून मार्च २०२४ पर्यंत तर मध्यवर्ती बँकेचा दर चक्क उणे होता. त्याच काळात, जुलै २०२३ पासून, अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचा दर ५.२५ ते ५.५० टक्के होता. इतकी मोठी दरी दिसली की जगभरचे फंड येनमध्ये कर्ज काढतात, येन विकून डॉलर घेतात आणि ते डॉलर जास्त व्याजाच्या रोख्यांत किंवा शेअरमध्ये लावतात. याला कॅरी ट्रेड म्हणतात.

शेजारणीकडून दहा तोळ्यांच्या बांगड्या उसन्या घेऊन, त्या विकून आलेले पैसे मुदत ठेवीत टाकण्यासारखा हा प्रकार आहे. परत द्यायचे आहे ते सोने, पैसे नव्हेत. सोन्याचा भाव स्थिर असेतोवर ठेवीचे व्याज खिशात पडते. भाव चढला की तेच दहा तोळे घ्यायला ठेव मोडूनही पैसे पुरत नाहीत.

आता आकड्यांत पाहू. सोपे जावे म्हणून रकमा मी मनाने घेतल्या आहेत, भाव मात्र खरे पाहिलेले आहेत.

एका फंडाकडे स्वतःचे १० लाख डॉलर आहेत. ते तारण ठेवून त्याने १६० कोटी येन कर्ज घेतले. डॉलरचा भाव १६० असल्याने त्याला १ कोटी डॉलर मिळाले. दोन्हीकडच्या व्याजातला फरक ५ टक्के धरला, तर वर्षाला ५ लाख डॉलर सुटतात, म्हणजे स्वतःच्या पैशावर ५० टक्के परतावा. हा मोह कशामुळे पडतो ते इथे कळते.

आता USDJPY १५२ वर आला. १६० कोटी येन फेडायला १ कोटी ५.२६ लाख डॉलर लागतात. वर्षभराचे सगळे व्याज एका झटक्यात गेले. भाव साधारण १४५.५ वर आला की तोटा १० लाख डॉलर होतो, म्हणजे फंडाचे स्वतःचे सगळे पैसे संपले. १४२ ला तोटा १२.६८ लाखांवर जातो.

पण कर्ज देणारा १४५ पर्यंत थांबत नाही. तारण अपुरे पडू लागले की तो आणखी पैसे मागतो, यालाच मार्जिन कॉल म्हणतात. फंडाला तेव्हा दोनच गोष्टी करता येतात: हातातले शेअर विकायचे, आणि आलेल्या डॉलरमधून येन घेऊन कर्ज फेडायचे. एकाच व्यवहारात शेअर खाली आणि येन वर. येन वधारला की पुढच्या फंडाचा तोटा वाढतो, त्यालाही तेच करावे लागते. शेअर बाजाराची पडझड आणि येनची तेजी एकाच वेळी का दिसते याचे हे खरे उत्तर आहे. येन कोणाला आवडला म्हणून घेतला जात नाही, कर्ज फेडायचे आहे म्हणून घेतला जातो.

किती उसने घेतले गेले आहे याचा नेमका हिशोब कुठेच मिळत नाही, कारण बरेचसे व्यवहार बँकांच्या आपापसातल्या करारांत असतात. एक खिडकी मात्र उघडी आहे. अमेरिकेतली सीएफटीसी ही वायदेबाजाराची नियामक संस्था मंगळवारअखेरची सट्टेबाजांची स्थिती साधारणपणे शुक्रवारी जाहीर करते. जुलै २०२४ च्या सुरुवातीला येनच्या विरोधात निव्वळ सुमारे १ लाख ८४ हजार वायदे विकलेले होते. २००७ नंतरचा हा सर्वात मोठा आकडा होता. या आकड्यावरून वादळाची तारीख कळत नाही. वादळ आलेच तर ते किती मोठे असेल याचा अंदाज मात्र बांधता येतो.

पायरी ३: घरी परतू शकणारा पैसा किती आहे ते पाहा

जपानी लोकांनी आणि कंपन्यांनी परदेशात जी मालमत्ता जमवली आहे, त्यातून परदेशीयांची जपानमधली मालमत्ता वजा केली की उरते ती निव्वळ बाह्य मालमत्ता. २०२३ अखेर ती ४७१ लाख कोटी येनच्या वर होती. सलग ३३ वर्षे जपान जगातला पहिल्या क्रमांकाचा धनको देश होता. २०२४ अखेरच्या आकड्यांत जर्मनीने त्याला मागे टाकले.

धनको देशाच्या चलनाला घबराटीत एक नैसर्गिक आधार असतो. जोखीम नको झाली की प्रत्येक जण आपापल्या चलनाकडे वळतो. जपानी आयुर्विमा कंपनीचे पॉलिसीधारक येनमध्ये पैसे मागतात, स्विस पेन्शन फंडाला फ्रँकमध्ये पैसे द्यायचे असतात. भारतासारख्या देशात दिशा उलटी असते. इथे बाहेरचा पैसा आत आलेला आहे, म्हणून घबराटीत तो बाहेर जातो आणि रुपया घसरतो. त्यात भारताच्या धोरणाची चूक असलीच पाहिजे असे नाही. पैसा कोणाचा आहे यावर ही दिशा ठरते.

पायरी ४: एक घबराट दिवसवार वाचा

५ ऑगस्ट २०२४ चा सोमवार आठवत असेल. त्या दिवशी सेन्सेक्स २,२२२ अंकांनी पडला आणि मराठी वृत्तवाहिन्यांवरही "येन कॅरी ट्रेड" हे शब्द झळकले. पण या गोष्टीची सुरुवात त्याच्या चार आठवडे आधी झाली होती, आणि जो आधीचे चार आठवडे वाचतो त्यालाच सोमवार समजतो.

जुलैच्या पहिल्या दहा दिवसांत USDJPY १६० ते १६२ च्या दरम्यान होता. १९८६ नंतर येन इतका स्वस्त झाला नव्हता. ११ जुलैला अमेरिकेच्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला. म्हणजे तिथले व्याजदर लवकरच उतरणार, दरी अरुंद होणार. त्याच सुमारास जपान सरकारने बाजारात उतरून सुमारे ५.५३ लाख कोटी येन विकत घेतले. भाव वळला. घाबरलेले कोणी नव्हते, पण उसनवारीचे गणित बदलायला इथून सुरुवात झाली होती.

३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेने दर ०.२५ टक्क्यांवर नेला. आकडा किरकोळ वाटतो. पण "हे कर्ज कायम फुकट राहील" या समजुतीला त्याने तडा दिला. २ ऑगस्टला अमेरिकेत बेरोजगारी ४.३ टक्क्यांवर गेल्याची बातमी आली आणि तिथे मंदी येईल की काय अशी शंका सुरू झाली. आता दरी दोन्ही टोकांनी मिटू लागली होती: जपानमध्ये दर वर, अमेरिकेत खाली येण्याच्या बेतात.

सोमवारी निक्केई १२.४ टक्के पडला. ऑक्टोबर १९८७ नंतरची ती सर्वात मोठी टक्केवारीतली घसरण होती. USDJPY १४२ च्याही खाली जाऊन आला. अमेरिकी बाजाराची धडधड मोजणारा VIX दिवसभरात ६५ ला शिवून आला, बंद मात्र ३८.५७ ला झाला. वरच्या उदाहरणातला आपला फंड १४२ पाहायला जिवंत नव्हता, त्याची पोझिशन वाटेतच कोणीतरी बंद केली असती.

मंगळवारी निक्केई १०.२ टक्के उसळला. बुधवारी जपानच्या मध्यवर्ती बँकेचे डेप्युटी गव्हर्नर शिनिची उचिदा यांनी बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही असे सांगितले, आणि USDJPY १४७ च्या पुढे गेला. १३ ऑगस्टच्या सीएफटीसीच्या आकड्यांत येनविरोधी सट्टा पूर्ण मिटून उलट येनच्या बाजूने थोडी खरेदी दिसत होती.

या क्रमातून घ्यायची गोष्ट अशी. घबराटीचे कारण बातमीत शोधू नका. बेरोजगारीचे तसले आकडे याआधीही आले होते. ढीग आधी रचला गेला होता, बातमी फक्त ठिणगी होती. आणि ढीग जळून गेला की आग स्वतःहून विझते. म्हणून अशी तेजी बहुधा अल्पजीवी असते.

पायरी ५: पडद्यावर काय आणि कोणत्या क्रमाने पाहायचे

मी चार गोष्टी पाहतो आणि क्रम बदलत नाही.

सुरुवात AUDJPY पासून. ऑस्ट्रेलियन डॉलर हे खनिजे विकणाऱ्या, जगाच्या तेजीवर जगणाऱ्या देशाचे चलन. येन हे उसनवारीचे. दोघांचे गुणोत्तर म्हणजे जगाच्या धाडसाचे माप. २०२४ मध्ये ते ११ जुलैला १०९ च्या वर होते, ५ ऑगस्टला ९० पर्यंत आले. त्यातली बरीच घसरण शेअर बाजार शांत दिसत असतानाच झाली होती. निर्देशांक उच्चांकाजवळ आणि AUDJPY सलग दोन आठवडे खाली, असे दिसले की मी सावध होतो.

मग अमेरिकेच्या १० वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा. रोख्यांना मागणी वाढली की त्यांचा परतावा उतरतो. शेअर पडताना हा परतावाही उतरत असेल, तर लोक अमेरिकी रोखे विकत घेत आहेत. ही नेहमीची घबराट. शेअर पडत असताना परतावा चढत असेल, तर थांबून विचार करावा लागतो. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

तिसरा DXY, म्हणजे सहा चलनांच्या तुलनेत डॉलर. त्यात युरोचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, तेव्हा येनबद्दलचा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

शेवटी EURCHF, म्हणजे एका युरोला किती स्विस फ्रँक. हा आकडा खाली जात असेल तर युरोपातला पैसा स्विस फ्रँककडे चालला आहे. युरोपातल्या युद्धाची किंवा बँकेची बातमी असेल तेव्हा येनपेक्षा फ्रँक आधी हलतो.

पायरी ६: ही घबराट कोणत्या जातीची आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, कारण एकदा पाठ केलेला नियम पुढच्या वेळी चालत नाही.

मार्च २०२० घ्या. कोरोनाच्या भीतीने शेअर पडू लागले तेव्हा पहिल्या टप्प्यात येन नियमाप्रमाणे वधारला. ९ मार्चला USDJPY १०१ च्या आसपास होता. आणि मग दोन आठवड्यांत तो १११ वर गेला. शेअर कोसळतच होते, तरी येन पडत होता, सोने पडत होते, रोखेही विकले जात होते. कारण आता प्रश्न परताव्याचा राहिला नव्हता, रोख डॉलरचा झाला होता. जगातल्या कंपन्यांची आणि बँकांची कर्जे मोठ्या प्रमाणात डॉलरमध्ये आहेत. उद्याचा हप्ता डॉलरमध्ये द्यायचा असेल आणि कोणी उसने द्यायला तयार नसेल, तर जे विकले जाईल ते विकून डॉलर मिळवावा लागतो. नियम तोच आहे हे लक्षात घ्या: ज्या चलनात कर्ज, ते चलन वधारते. फक्त या वेळी सर्वात निकडीचे कर्ज डॉलरचे होते. १९ मार्चला फेडरल रिझर्व्हने आणखी नऊ मध्यवर्ती बँकांना डॉलर उसने देण्याची सोय जाहीर केली आणि त्यानंतर काही दिवसांत ही चणचण ओसरली. अशी घबराट ओळखायची खूण म्हणजे शेअरसोबत सोनेही पडणे.

२०२२ चे उदाहरण वेगळे. त्या वर्षी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे १९ टक्के घसरला, तरी येन वधारला नाही. उलट वर्षाच्या सुरुवातीला ११५ च्या आसपास असलेला USDJPY ऑक्टोबरमध्ये १५१ च्या वर गेला. शेअर पडत होते ते अमेरिकेने व्याजदर झपाट्याने वाढवल्यामुळे. म्हणजे दरी रुंदावत होती, येन उसना घेणे अधिकच फायद्याचे होत होते. शिवाय जपान जवळपास सगळे तेल आणि वायू आयात करतो, आणि युक्रेन युद्धानंतर ते महाग झाले होते. तेव्हा शेअर का पडत आहेत हे विचारल्याशिवाय येनवर भरवसा टाकू नये. मंदीच्या भीतीने पडत असतील तर येनला बळ मिळते. व्याजवाढीने पडत असतील तर नाही.

आणि एप्रिल २०२५. २ एप्रिलला ट्रम्प यांनी आयातशुल्कांची घोषणा केली. शेअर कोसळले. येन आणि फ्रँक वधारले, पण डॉलर घसरला, DXY १०० च्या खाली गेला. १० वर्षांच्या रोख्यांचा परतावा काही दिवसांत ४ टक्क्यांच्या आसपासवरून ४.५ टक्क्यांजवळ चढला. लोक अमेरिकी शेअर, रोखे आणि डॉलर तिन्ही एकदम विकत होते, ही उदयोन्मुख देशांत दिसणारी लक्षणे आहेत. घबराटीचे मूळच जर अमेरिकेच्या धोरणात असेल, तर डॉलरकडे धाव घेण्याची सवय मोडू शकते. डॉलरचे आश्रयस्थान कायमचे संपले असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. पण "घबराट म्हणजे डॉलर वर" हे वाक्य आता डोळे मिटून वापरता येत नाही.

फ्रँकबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरू नये अशी. ६ सप्टेंबर २०११ रोजी स्विस नॅशनल बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा भाव राखण्याची घोषणा केली, कारण आश्रयाला आलेल्या पैशाने फ्रँक इतका महाग झाला होता की तिथले निर्यातदार बुडत होते. १५ जानेवारी २०१५ रोजी बँकेने ही मर्यादा अचानक काढून टाकली. फ्रँक काही मिनिटांत प्रचंड उसळला. त्याची किंमत पोलंडमधल्या पाच लाखांहून अधिक कुटुंबांनी मोजली, ज्यांनी कमी व्याज पाहून घरकर्ज फ्रँकमध्ये घेतले होते आणि पगार झ्लॉटीत मिळत होता. त्यांचे घर तेच, हप्ता मात्र एका दिवसात वाढला. सुरक्षित चलन ज्याच्या हातात आहे त्याला ते सुरक्षित असते. ज्याच्या डोक्यावर त्याचे कर्ज आहे त्याच्यासाठी तीच सर्वात मोठी जोखीम.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानच्या जायका संस्थेने दिलेले कर्ज ०.१ टक्के व्याजाचे आणि ५० वर्षांचे आहे. त्याची चर्चा नेहमी व्याजदरावर होते. ते फेडायचे आहे येनमध्ये, आणि ५० वर्षांत येन-रुपयाचे काय होईल हाच त्यातला मोठा प्रश्न आहे.

पायरी ७: आपल्या घरच्या हिशोबात हे कसे लावायचे

समजा मुलगी ओसाकात शिकते आणि वर्षाकाठी तिथे १० लाख येन पाठवायचे आहेत. भाव डॉलरमार्गे काढता येतो: USDINR भागिले USDJPY. जुलै २०२४ च्या सुरुवातीला ८३.५ भागिले १६१.५, म्हणजे एका येनला सुमारे ५१.७ पैसे. १० लाख येनना ५ लाख १७ हजार रुपये. ५ ऑगस्टला डॉलर ८३.८५ रुपयांवर आणि १४३ येनवर धरला, तर तेच १० लाख येन ५ लाख ८६ हजारांना पडतात. एका महिन्यात ६९ हजारांचा फरक. त्यात रुपयाची घसरण नावापुरती आहे, जवळपास सगळा फरक येनच्या उसळीचा आहे. (हे पडद्यावरचे भाव. बँक आपला नफा वर धरते.)

त्या सोमवारी घाईने येन घ्यायचे की थांबायचे? ऑगस्टच्या मध्यावर USDJPY १४९ च्या आसपास परतला, तेव्हा हीच रक्कम ५ लाख ६३ हजारांत मिळाली असती. म्हणजे थांबणे बरोबर ठरले. पण सप्टेंबरच्या मध्याला USDJPY १४० वर होता आणि खर्च ५ लाख ९९ हजारांवर गेला. घबराट केव्हाच ओसरली होती, पण अमेरिकेने व्याजदर कापण्याची वेळ आली होती आणि दरी खरोखरच कमी होत होती. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा USDJPY १५७ च्या पुढे, आणि खर्च साधारण ५ लाख ४५ हजार.

घबराटीची उसळी आणि व्याजदराची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींवर चढून येतात. पहिली काही दिवसांत ओसरते. दुसरी महिनोन्‌महिने चालते आणि तिचा अंदाज व्यावसायिकांनाही नीट बांधता येत नाही. म्हणून फीची तारीख ठरलेली असेल तर मी रक्कम तीन-चार भागांत विभागून आधीपासून पाठवत जाईन, आणि घबराटीच्या ऐन दिवशी फक्त तेवढेच घेईन जे त्या आठवड्यात भरणे भाग आहे.

ज्यांना येन पाठवायचा नाही, फक्त शेअरमधली बचत सांभाळायची आहे, त्यांच्यासाठी व्यवहारात उपयोगी पडणारे चलन आजही डॉलरच आहे. २००८ चे गणित पाहा. त्या वर्षी सेन्सेक्स ५२ टक्के पडला. एस अँड पी ५०० निर्देशांक ३८.५ टक्के पडला, पण डॉलर साधारण ३९.४ रुपयांवरून ४८.७ वर गेल्याने रुपयात मोजणाऱ्या भारतीयाचा तोटा सुमारे २४ टक्केच झाला. म्हणून अमेरिकी शेअरमधला काही हिस्सा आपल्याकडच्या पडझडीत उशीचे काम करतो. एप्रिल २०२५ सारख्या दिवशी मात्र ती उशी पातळ होते.

यासाठी येनचा सट्टा करण्याची गरज नाही, आणि नियमही तसे आहेत. एनएसईवर JPYINR चे वायदे आहेत, एक लॉट १ लाख येनचा. पण ३ मे २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार रुपयाशी जोडलेल्या अशा वायद्यांसाठी प्रत्यक्ष परकीय चलनाची जोखीम अंगावर असावी लागते. ठराविक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, एवढीच सवलत. जपानहून यंत्राचे सुटे भाग मागवणाऱ्या चाकणच्या उद्योजकाला ते चालतात, निव्वळ अंदाज लावणाऱ्याला नाहीत. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण ते परदेशात चलनाचा सट्टा खेळण्यासाठी किंवा त्याचे मार्जिन भरण्यासाठी वापरता येत नाहीत. मोबाइलवर USDJPY मध्ये शंभरपट उधारी देणाऱ्या ॲपच्या जाहिराती दिसतात. पैसे भरण्याआधी त्या ॲपचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या इशारा यादीत शोधा. तिथे सापडले नाही म्हणून ते अधिकृत ठरत नाही, त्यासाठी अधिकृत मंचांची वेगळी यादी त्याच संकेतस्थळावर दिलेली आहे. आणि शंभरपट उधारीत भाव एक टक्का उलटा गेला की सगळी रक्कम जाते. ५ ऑगस्टला येन एका दिवसात त्याहून कितीतरी जास्त हलला होता.